भाव उतरतो तेव्हा तारणाचे काय होते?

मध्यंतरी आमच्या शेजारच्या वहिनी हातात मोबाइल आणि तारणाची पावती घेऊन आल्या. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी त्यांनी पाटल्या आणि बोरमाळ तारण ठेवून कर्ज काढले होते. मोबाइलवर संस्थेचा संदेश होता : आपल्या सोनेतारण कर्जाचे एलटीव्ही प्रमाण ८३.३३ टक्के झाले असून ते मर्यादेपेक्षा जास्त आहे, तरी आठ दिवसांत शाखेत येऊन रक्कम भरावी.

"भाऊजी, मी दर महिन्याच्या पाच तारखेला व्याज भरते. एक दिवस चुकवलेला नाही. एक रुपया नवीन उचललेला नाही. मग ह्यांचं वाढलं ते काय?"

प्रश्न बिनतोड होता. कर्जात काही वाढले नव्हते. दागिनेही तिजोरीत जसेच्या तसे होते. बदलला होता तो सोन्याचा भाव, आणि तोही वर नव्हे तर खाली. भाव उतरला की प्रमाण वाढते, हे ऐकायला उलटे वाटते. ते का होते, किती होते, केव्हा होते आणि त्यावर काय करता येते, एवढ्यापुरताच हा लेख आहे. वहिनींचेच उदाहरण घेतो. आकडे मात्र हिशेब सोपा जावा म्हणून गोल केले आहेत.

वरचा आकडा आणि खालचा आकडा

एलटीव्ही म्हणजे कर्जाची बाकी भागिले तारणाची आजची किंमत. एवढेच. बाकी वर, किंमत खाली, आणि उत्तर टक्क्यांत.

वहिनींचे दागिने काट्यावर भरले ४४ ग्रॅम. पण बोरमाळेच्या मण्यांत लाख असते, माळ ओवायला दोरा असतो. मूल्यांककाने त्याची ४ ग्रॅम घट धरली आणि निव्वळ सोने ४० ग्रॅम लावले. कस २२ कॅरेटचा निघाला. त्या दिवशी २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. म्हणजे तारणाची किंमत झाली ४,००,००० रुपये. घडणावळ यात येत नाही, खड्यांचे मोल येत नाही, आजीने घातले होते म्हणून असलेले मोल तर नाहीच. फक्त सोन्याचे सोने. त्यावर कर्ज मिळाले ३,००,००० रुपये. तीन लाख भागिले चार लाख, म्हणजे ७५ टक्के. व्याज महिन्याला एक टक्का, आणि ते दरमहा भरायचे. त्यामुळे वरचा आकडा तीन लाखांवर स्थिर.

आता भाव दहा टक्क्यांनी उतरला. ग्रॅमला ९,०००. तेच ४० ग्रॅम आता ३,६०,००० रुपयांचे झाले. तीन लाख भागिले तीन लाख साठ हजार, म्हणजे ८३.३३ टक्के. संदेशातला आकडा हाच. वरचा आकडा जागचा हलला नाही. खालचा आकसला, म्हणून भागाकार फुगला.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. भाव दहा टक्क्यांनी पडला म्हणून प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले नाही. ७५ चे ८३.३३, म्हणजे मूळच्या एकनवमांशाने, सुमारे ११ टक्क्यांनी वाढले. आणि पडझड पुढे चालू राहिली तर प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा जड पडते. भाव मूळच्या पाच टक्के खाली आला की प्रमाण ७५ वरून ७८.९५ होते, म्हणजे जवळपास चार अंशांची वाढ. पंधरा टक्के खाली आला की ८८.२४ होते. तिथून आणखी पाचच टक्के घसरला, म्हणजे मूळच्या वीस टक्के खाली गेला, की प्रमाण ९३.७५ होते. ही पाच टक्क्यांची घसरण साडेपाच अंश खाऊन गेली. त्यापुढची पाच टक्के सव्वासहा अंश खाते आणि प्रमाण शंभराला टेकते. कारण साधे आहे : प्रत्येक वेळी आपण आधीपेक्षा लहान आकड्याने भागत असतो. म्हणून घसरणीच्या सुरुवातीला "अजून काही फार झालेले नाही" असे जे वाटते, ते पुढच्या घसरणीचा अंदाज बांधायला उपयोगी पडत नाही.

मर्यादा कोणाची?

रिझर्व्ह बँकेने ६ जून २०२५ रोजी सोने आणि चांदी तारणावरील कर्जांसाठी एकत्रित निर्देश काढले आणि ते जास्तीत जास्त १ एप्रिल २०२६ पर्यंत अमलात आणायला सांगितले. घरगुती गरजेसाठी घेतलेल्या कर्जाला त्यात तीन पायऱ्या आहेत. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला ८५ टक्के, अडीच ते पाच लाखांपर्यंत ८० टक्के, आणि पाच लाखांच्या वर ७५ टक्के. लहान कर्जदाराला जरा सैल, मोठ्याला घट्ट. शेतीसाठी किंवा धंद्यासाठी घेतलेल्या कर्जाला ही टक्केवारी बांधलेली नाही. तिथे त्या त्या संस्थेचे धोरण चालते. हे निर्देश व्यापारी आणि सहकारी बँकांना व बिगरबँक वित्तसंस्थांना लागू आहेत. आपल्या गावातली सहकारी पतसंस्था किंवा परवानाधारक सावकार रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे तिथली मर्यादा करारपत्रातच वाचावी लागते.

वहिनींचे कर्ज तीन लाखांचे, म्हणून मर्यादा ८० टक्के. या निर्देशांतले महत्त्वाचे वाक्य असे की ही मर्यादा केवळ कर्ज देण्याच्या दिवसापुरती नाही, तर कर्ज असेपर्यंत सतत पाळायची आहे. ज्यांनी पूर्वी कधी सोने तारण ठेवले असेल त्यांच्या डोक्यात "किंमत लावायची ती एकदाच, ठेवताना" असे पक्के बसलेले असते. वहिनींचेही तसेच होते. प्रत्यक्षात तराजू रोज चालू असतो, फक्त तो आपल्याला दिसत नाही.

७५ वरून ८० पर्यंत जायला भाव किती उतरावा लागतो? पाच टक्के, असे चटकन तोंडात येते, पण ते चूक आहे. तीन लाखांचे कर्ज ८० टक्के होण्यासाठी तारणाची किंमत ३,७५,००० व्हावी लागते. म्हणजे चार लाखांतून पंचवीस हजार कमी, म्हणजे ६.२५ टक्के. रीत अशी : आपले प्रमाण भागिले मर्यादा, आणि ते एकातून वजा. ७५ भागिले ८० म्हणजे ०.९३७५, एकातून वजा केले की ०.०६२५. वहिनींच्या कर्जाला घसरणीची उशी एवढीच होती. त्यांनी त्याच दागिन्यांवर २,४०,००० घेतले असते, तर प्रमाण ६० टक्के राहिले असते. ते कर्ज अडीच लाखांच्या आत असल्याने मर्यादाही ८५ झाली असती, आणि भाव जवळपास तीस टक्के उतरेपर्यंत त्यांना कोणी विचारले नसते. साठ हजार कमी उचलल्याने उशी सव्वासहावरून एकोणतीस टक्क्यांवर गेली असती. काउंटरवर "तुम्हाला जास्तीत जास्त इतके मिळतील" असे सांगतात तेव्हा हा दुसरा आकडा कोणी सांगत नाही.

कोणता भाव धरतात?

वर्तमानपत्रात येणारा भाव, सराफाच्या फळ्यावरचा भाव आणि तारणासाठी धरला जाणारा भाव हे तीन वेगळे भाव असतात. तारणासाठी इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनने जाहीर केलेला किंवा सेबीच्या देखरेखीखालील वायदेबाजारातला बंद भाव धरतात. त्यात जीएसटी नसतो. पेठेत कोणी तीन टक्के जीएसटी धरून भाव सांगितला तर तो तेवढ्याने जास्त असतो. बातमीत बहुधा २४ कॅरेटचा भाव असतो, आणि आपले दागिने २२ चे असतात. मग त्या भावाला ०.९१६ ने गुणावे लागते. जुन्या, हॉलमार्क नसलेल्या दागिन्यांचा कस २० कॅरेट निघाला, तर ४० ग्रॅम वजन २२ कॅरेटच्या हिशेबात ३६.४ ग्रॅमच मोजले जाते. माणूस फळ्यावरचा भाव आणि काट्यावरचे वजन गुणून मनातल्या मनात निर्धास्त राहतो, आणि संस्थेच्या संगणकात आकडा वेगळाच असतो.

पण याहून महत्त्वाचे आहे ते हे की भाव एका दिवसाचा धरतात की सरासरीचा. नव्या निर्देशांप्रमाणे दोन आकडे काढायचे : मागच्या ३० दिवसांच्या बंद भावांची सरासरी, आणि कालचा बंद भाव. दोन्हींपैकी जो कमी, तो धरायचा.

याआधी सप्टेंबर २०१३ पासून बिगरबँक वित्तसंस्थांना केवळ ३० दिवसांची सरासरी धरायला सांगितलेले होते. या दोन रीतींत फरक किती पडतो ते पाहा. महिनाभर भाव १०,००० वर स्थिर होता आणि एका दिवसात ९,४०० वर आला, असे समजू. नुसती सरासरी धरली तर ती २९ दिवसांचे १०,००० आणि एका दिवसाचे ९,४०० मिळून ९,९८० येते. वहिनींचे प्रमाण ७५ वरून जेमतेम ७५.१५ होते. सहा टक्क्यांची पडझड कागदावर उमटतच नाही. नव्या रीतीने मात्र कालचा भाव कमी असल्याने ९,४०० च धरला जातो, तारण ३,७६,००० चे होते आणि प्रमाण एका रात्रीत ७९.७९ वर पोचते. मर्यादेला चिकटलेच म्हणायचे.

आता भाव परत चढताना काय होते? समजा भाव १५ दिवस ९,४०० वरच राहिला आणि मग एकदम १०,००० वर परत आला. कालचा भाव १०,००० झाला, पण सरासरीत १५ दिवस ९,४०० चे बसलेले आहेत, म्हणून सरासरी ९,७००. दोन्हींत कमी तो धरायचा, म्हणून ९,७००. पुढचे पंधरा दिवस भाव १०,००० वर राहिला तरी ही सरासरी हलत नाही, कारण रोज एक जुना १०,००० चा दिवस खिडकीतून बाहेर जातो आणि एक नवा १०,००० चा आत येतो. सोळाव्या दिवसापासून ९,४०० चे दिवस एकेक करून बाहेर पडू लागतात, तेव्हा कुठे सरासरी चढू लागते. म्हणजे घसरण एका दिवसात लागू झाली, आणि भाव पूर्ववत झाल्यावरही तारणाची किंमत पूर्ववत व्हायला महिना गेला. धनको संस्थेच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ही रीत योग्यच आहे. पण कर्जदाराने हे लक्षात ठेवले पाहिजे की "भाव तर परत चढला, मग अजून संदेश का येतो?" या प्रश्नाचे उत्तर शाखेतल्या माणसाच्या आडमुठेपणात नसून या सरासरीत असू शकते.

भाव न पडताही

दरमहा व्याज भरणाऱ्या वहिनींचा वरचा आकडा स्थिर होता. पण सोनेतारणात मोठा वर्ग असा असतो की जो वर्षाच्या शेवटी मुद्दल आणि व्याज एकदम भरून दागिने सोडवतो. अशा एकरकमी परतफेडीच्या कर्जात वरचा आकडाही रोज थोडा थोडा वाढत असतो. तीन लाखांवर महिन्याला एक टक्का सरळ व्याज धरले तरी सहा महिन्यांनी बाकी ३,१८,००० होते. भाव जागचा न हलता प्रमाण ७९.५ टक्के. घसरणीची सगळी उशी व्याजानेच खाल्लेली. सातव्या महिन्यात भाव एक टक्का जरी उतरला तरी मर्यादा ओलांडली जाते.

म्हणूनच नव्या निर्देशांत अशा कर्जासाठी एलटीव्ही काढताना आज दिलेली रक्कम न धरता मुदतीअखेर भरावी लागणारी पूर्ण रक्कम धरायला सांगितली आहे, आणि मुदत बारा महिन्यांपुरती ठेवली आहे. चार लाखांच्या तारणाचे ८० टक्के म्हणजे ३,२०,०००. वर्षाचे बारा टक्के व्याज धरून शेवटी एवढे व्हायला आज हातात द्यायची रक्कम येते सुमारे २,८५,७००. "पूर्वी याच दागिन्यांवर जास्त मिळत होते" ही तक्रार ऐकू येते ती यामुळे. व्याजासाठी जागा आधीच राखून ठेवली जाते. मात्र ही राखीव जागा व्याजासाठीच असते. भाव पडला तर त्यासाठी वेगळी उशी तिच्यातून मिळत नाही.

तीन रेषा

वहिनींना मी पावतीच्या मागे तीन भाव लिहून दिले. रीत एकच : बाकी भागिले निव्वळ ग्रॅम, आणि त्याला हव्या त्या टक्क्याने भागायचे. तीन लाख भागिले ४० म्हणजे ७,५००. त्याला ०.८० ने भागले की ९,३७५, ०.९० ने भागले की ८,३३३; आणि १ ने भागले की ७,५०० च.

पहिली रेषा ९,३७५ ची. २२ कॅरेटचा, जीएसटी नसलेला भाव याच्या खाली गेला की मर्यादा ओलांडली आणि संदेश येणार. जीएसटीसह सांगितलेला भाव ९,६०० असेल तर आपण वर आहोत असे वाटते. पण ९,६०० भागिले १.०३ म्हणजे सुमारे ९,३२०. रेषा केव्हाच ओलांडलेली असते.

दुसरी रेषा ८,३३३ ची, आणि संस्थेच्या दृष्टीने खरी काळजीची. दागिने लिलावात काढायची वेळ आली तर राखीव किंमत तारणाच्या चालू किमतीच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही. दोन लिलाव फसले तर मग ८५ टक्क्यांपर्यंत उतरता येते. याचा अर्थ प्रमाण ९० झाले की राखीव किंमत आणि कर्जाची बाकी समसमान होते. त्यापुढे संस्थेला लिलावातून पूर्ण वसुलीची खात्री राहत नाही. समजा भाव ८,५०० वर आला आहे आणि तीन महिन्यांचे व्याज थकले आहे. तारण ३,४०,००० चे, राखीव किंमत ३,०६,०००, आणि देणे ३,०९,०००. बोली राखीव किमतीलाच सुटली, तर दागिने गेले आणि वर तीन हजारांचे देणे, शिवाय लिलावाचा खर्च, कर्जदाराच्या नावावर उरला. ९० च्या जवळ पोचलेल्या कर्जात व्याज थकवणे इतके महाग पडते.

तिसरी रेषा ७,५०० ची. इथे बाकी आणि सोने यांची किंमत सारखी होते. या रेषेच्या वर भाव असेपर्यंत दागिन्यांत कर्जदाराचा वाटा शिल्लक असतो. लिलावात देण्यापेक्षा जास्त आले तर ती वरची रक्कम कर्जदाराची असते आणि ती सात कामकाजी दिवसांत परत करावी लागते. ही रक्कम मागायची असते हेच अनेकांना माहीत नसते.

२०१३ चा धडा

या रेषा कागदी नाहीत. १२ आणि १५ एप्रिल २०१३ या लागोपाठच्या दोन व्यवहार-दिवसांत जागतिक बाजारात सोने डॉलरमध्ये सुमारे १३ टक्क्यांनी कोसळले. आपल्याकडे दहा ग्रॅमला २९ हजारांच्या आसपास असलेला भाव २६ हजारांच्या आसपास आला. म्हणजे रुपयांत साधारण दहा टक्के. वर्षभरापूर्वी, मार्च २०१२ मध्ये, रिझर्व्ह बँकेने सोनेतारण करणाऱ्या बिगरबँक कंपन्यांवर ६० टक्क्यांची मर्यादा घातली होती, आणि तेव्हा ती जाचक म्हणून त्यावर बरीच ओरड झाली होती. आता आपला भागाकार लावून पाहा. ६० टक्क्यांनी दिलेले कर्ज दहा टक्के घसरणीनंतर ६६.७ वर गेले. दोन्ही बाजू निर्धास्त. त्याआधीच्या सैल काळात कोणी ८५ टक्क्यांनी दिले असेल तर ते ९४.४ वर गेले. वर व्याज थकलेले असेल तर शंभरापाशी. घसरण एकच, पण एकाला ती कळलीही नाही आणि दुसऱ्याची तारणे बुडीत निघायची वेळ आली. फरक सोन्यात नव्हता, पहिल्या दिवशीच्या भागाकारात होता. पुढे जानेवारी २०१४ मध्ये ही मर्यादा ६० वरून ७५ करण्यात आली.

त्या वर्षाचा उत्तरार्धही लक्षात ठेवण्यासारखा आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरून डॉलरला ६८ च्या पुढे गेला, आयातशुल्क दहा टक्क्यांवर नेले गेले, आणि आपल्याकडचा भाव दहा ग्रॅमला तीस हजारांच्या वर चढला. एप्रिल-मेमध्ये ज्याला वरची रेषा सांभाळता आली त्याचे दागिने वाचले. ज्याला आली नाही त्याला चार महिन्यांनी आलेल्या या भावाचा काही उपयोग नव्हता.

भाव उतरायला जागतिक बाजारच कोसळावा लागतो असेही नाही. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचे आयातशुल्क १५ वरून ६ टक्के झाले आणि त्याच दिवशी दहा ग्रॅममागे भाव तीन-चार हजारांनी उतरला. बाहेर सोने होते तिथेच होते. खरेदीदार सराफी पेढ्यांकडे धावले. तारण ठेवणाऱ्याच्या पावतीवर मात्र खालचा आकडा तेवढ्याने घटला. त्या वेळी नुसत्या सरासरीची रीत असल्याने हा धक्का महिनाभरात हळूहळू मुरला. आजच्या रीतीत तो दुसऱ्याच दिवशी दिसला असता.

पैसे भरावेत की सोने?

संदेश आल्यावर शाखेत दोन पर्याय सांगतात : काही रक्कम भरा किंवा आणखी सोने ठेवा. दोन्हींचा हिशेब सारखा नाही.

३,६०,००० च्या तारणावर ८० टक्के म्हणजे २,८८,०००. म्हणजे वहिनींनी १२,००० भरले की त्या मर्यादेत येतात. सोने ठेवायचे झाले तर तीन लाखांच्या कर्जाला ३,७५,००० चे तारण हवे. कमी पडतात १५,०००. ग्रॅमला ९,००० च्या भावाने सुमारे १.६७ ग्रॅम. रोख बारा हजार, पण सोने पंधरा हजारांचे. कारण भरलेला रुपया वरच्या आकड्यातून पूर्णच्या पूर्ण जातो, तर ठेवलेल्या सोन्याचे ८० टक्केच कामी येतात. शिवाय भाव आणखी पडला तर नवे सोनेही जुन्याबरोबर उतरते. भरलेली रोकड उतरत नाही, उलट तिच्यावरचे व्याज थांबते.

पण १२,००० भरून वहिनी नेमक्या ८० वर येऊन उभ्या राहिल्या असत्या. उशी शून्य. दुसऱ्या दिवशी भाव ५० रुपयांनी उतरला की पुन्हा संदेश. त्यांना मी म्हटले, संदेशात मागितलेला आकडा हा कमीत कमी आकडा आहे, पुरेसा आकडा नव्हे. पुन्हा ७५ वर यायचे तर बाकी २,७०,००० हवी, म्हणजे ३०,००० भरायला हवेत. मग उशी पूर्वीइतकी, सव्वासहा टक्क्यांची.

एक तिसरा मार्गही काउंटरवर पुढे येतो : जुने कर्ज बंद करून नवे काढू, म्हणजे नूतनीकरण. भाव चढलेला असताना ते सोपे जाते, कारण खालचा आकडा मोठा असतो. भाव उतरलेला असताना मात्र नूतनीकरण आजच्या किमतीवर आणि मर्यादेतच करता येते. म्हणजे फरकाची रक्कम कुठून तरी आणावीच लागते. पावती नवी मिळते, भागाकार तोच राहतो.

वहिनींची त्या महिन्यात भिशी लागणार होती. त्यातले ३०,००० त्यांनी भरले आणि भरल्याची पावती जुन्या पावतीला टाचून ठेवली. महिन्याचे व्याजही तीन हजारांवरून सत्तावीसशेवर आले. मग पाठीमागे मी लिहिलेले तीन भाव त्यांनी स्वतःच खोडले आणि माझ्या देखत पुन्हा काढले. २,७०,००० भागिले ४०, म्हणजे ६,७५०. पहिली रेषा ८,४३८, दुसरी ७,५००, तिसरी ६,७५०.

"म्हणजे आता आठ हजार चारशे अडतीसपर्यंत झोप लागायला हरकत नाही," त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून, "पण हा भाव बिनजीएसटीचा, बावीसचा, बरोबर ना?"

बरोबर होते.